‘फ्लुएंट’ लिहिलं आणि मुलाखत इंग्रजीत सुरू झाली

*नमस्कार ताई,*

*मी 25 वर्षांची, सातारा जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. अडीच वर्षं एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे. थकबाकीच्या नोटिसा लिहिते, कर्जदारांना फोन करते (काहींशी हिंदीत बोलावं लागतं) आणि रोज संध्याकाळी वरिष्ठांना इंग्रजीत ईमेल पाठवते. आता पुण्यात एखाद्या फायनान्स कंपनीच्या ग्राहक सेवा विभागात जायचंय. मैत्रिणीच्या सांगण्यावरून रेझ्युमेत मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींपुढे ‘फ्लुएंट’ लिहिलं. गेल्या महिन्यात एका मुलाखतीत पहिलाच प्रश्न इंग्रजीत आला आणि दुसऱ्या वाक्याला मी अडले. दादा म्हणतो, इंग्रजीपुढे ‘बेसिक’ लिही. मैत्रीण म्हणते, तसं लिहिलंस तर कुणी बोलावणारच नाही. आणि मराठी तर इथे सगळ्यांनाच येतं, ते लिहायचं तरी कशाला? भाषा लिहायच्या कुठे, हेही कळत नाही. आमच्याकडे बायोडेटात त्या जन्मतारखेखाली लिहायची पद्धत आहे.*

*— एक वाचक*

नमस्कार,

मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले आहे, म्हणून आधी तिकडून काय दिसतं ते सांगते. उमेदवार आत येण्याआधी आमच्या हातात त्याचा कागद जेमतेम एक-दोन मिनिटं असतो. भाषेची ओळ तेवढ्यात नजरेखालून जाते आणि बोलायला सुरुवात कोणत्या भाषेत करायची, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं. तुमच्या कागदावर इंग्रजीपुढे ‘फ्लुएंट’ होतं. समोरच्याने ते खरं मानलं आणि इंग्रजीत सुरुवात केली. त्यात त्याचा खडूसपणा नव्हता. त्याच जागी ‘कार्यालयीन ईमेल वाचते, लिहिते’ असं असतं, तर मी तुमच्याशी मराठीत बोलायला लागले असते आणि मध्येच एक इंग्रजी ईमेल पुढे करून ‘याला काय उत्तर द्याल?’ विचारलं असतं. तुमचं इंग्रजी दोन्ही वेळा तेच, मुलाखत मात्र वेगळी झाली असती.

दादांचा ‘बेसिक’सुद्धा मला पटत नाही. अडीच वर्षं रोज संध्याकाळी वरिष्ठांना इंग्रजीत ईमेल करणारी मुलगी ‘बेसिक’ कशी? तो शब्द ‘फ्लुएंट’इतकाच खोटा आहे, फक्त दुसऱ्या बाजूने. आणि तुमची मैत्रीण म्हणते त्यातही तथ्य आहे. ग्राहक सेवेच्या जागेसाठी ‘इंग्रजी – बेसिक’ वाचलं की बरेच जण कागद बाजूला ठेवतात.

खरी गफलत अशी की तुम्ही तिघंही भाषेला एकच मार्क देताय. जुन्या छापील अर्जांत एक तक्ता असायचा, आठवतो? उभ्या रकान्यात भाषा आणि आडव्या रकान्यांत ‘बोलता येते, वाचता येते, लिहिता येते’. त्यात बरोबरच्या खुणा करायच्या. आपण त्या तक्त्याला हसतो, पण तो तयार करणाऱ्याला भाषा कळत होती. त्यात ‘ऐकून समजते’ हा चौथा रकाना घातला की झालं. फोनवरच्या कामात तर हा चौथा रकाना बाकीच्या तिन्हींपेक्षा महत्त्वाचा. कोऱ्या कागदावर हा तक्ता काढा आणि प्रत्येक चौकटीत खूण करण्याऐवजी एक वाक्य लिहा: या भाषेत, या प्रकारे, मी गेल्या सहा महिन्यांत कोणतं काम केलं? जिथे वाक्य सुचणार नाही, तिथे रेझ्युमेत दावा करायचा नाही.

इंग्रजीपासून सुरुवात करू, कारण दुखतंय तिथे. वाचन: परिपत्रकं, ईमेल. लेखन: रोजचा वसुली अहवाल. इथे थोडं थांबा. तो ईमेल तुम्ही रोज नव्याने लिहिता की कालचा उघडून आकडे बदलता? दुसरं असेल तर लाजू नका, निम्मी कार्यालयं अशीच चालतात. पण ‘लिहिते’ म्हणण्याआधी एक चाचणी घ्या. एखाद्या कर्जदाराने हप्ता भरूनही त्याला दंड लागला, अशी तक्रार आली आहे असं समजा. जुना नमुना न उघडता वीस मिनिटांत त्याला सात-आठ ओळींचं इंग्रजी उत्तर लिहा. जमलं तर ‘नेहमीचे कार्यालयीन ईमेल लिहिते’ हे वाक्य तुमचं. नुसते आकडेच बदलता येत असतील तर ‘ठरावीक नमुन्यातले ईमेल व अहवाल पाठवते’ असं लिहा. हेही काम आहेच.

बोलण्यासाठी फोनचा रेकॉर्डर पुरेसा आहे. ‘तुमच्या सध्याच्या कामाबद्दल सांगा’ या प्रश्नाला दोन मिनिटं इंग्रजीत उत्तर द्या आणि ऐका. मग मैत्रिणीला न ठरवलेला प्रश्न विचारायला सांगा, उदाहरणार्थ ‘ग्राहक फोनवर ओरडायला लागला तर काय करता?’ पहिल्यात चालता आणि दुसऱ्यात अडखळता, असं होण्याची शक्यता बरीच आहे; मुलाखतीत झालं तेही बहुधा हेच. युरोप परिषदेने 2001 साली भाषाकौशल्याच्या सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, ए1 ते सी2. त्यातली बी1 म्हणजे ओळखीच्या विषयावर आपलं म्हणणं मांडता येणं आणि बी2 म्हणजे ती भाषा लहानपणापासून बोलणाऱ्याशी दोघांनाही ताण न येता, बऱ्यापैकी सहज बोलता येणं. तुमची अडचण बहुतेक या दोहोंच्या मधली आहे. ही पट्टी घरी आरशासारखी वापरा. रेझ्युमेत मात्र ‘बी1’ लिहू नका. जर्मन किंवा फ्रेंचची परीक्षा दिलेल्यांनी लिहावं, कारण त्यांच्याकडे तसं प्रमाणपत्र असतं. तुमच्या जागेसाठी निवड करणाऱ्याला त्या अक्षर-आकड्यावरून फारसा बोध होणार नाही.

आता हिंदी. आपल्याकडे हिंदीपुढे ‘उत्तम’ लिहिताना कुणाचा हात थरथरत नाही. माझाही नव्हता थरथरला. पहिल्या नोकरीत वसुलीच्या फोनवर बसले होते. उत्तरेकडून आलेल्या एका गृहस्थांचे तीन हप्ते थकले होते. मी ठासून सांगितलं, “आपके तीन हफ्ते बाकी हैं।” ते म्हणाले, “अच्छा, फिर तो काफी टाइम है,” आणि फोन ठेवला. मी खूश की माणूस समजूतदार निघाला. त्यांच्या हिंदीत हफ्ता म्हणजे आठवडा. हप्त्याला ते ‘किस्त’ म्हणतात. त्यांना वाटलं, भरायला अजून तीन आठवडे आहेत. तेव्हा माझ्या कागदावर ‘हिंदी – उत्तम’ लिहिलेलं होतं, आणि टीव्ही बघण्यापुरतं ते खरंही होतं.

मराठी माणसाचं हिंदी असं कामाच्या शब्दांत निसटतं. थकबाकीला तिकडे ‘बकाया’ म्हणतात. आपलं ‘कर्ज’ आणि ‘खातं’ नपुंसकलिंगी, हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे लिहिताना का-की, गया-गई डोळे झाकून पडतात. ‘शिक्षा’ तर सगळ्यांना माहीत असलेला सापळा: इथे दंड, तिथे शिक्षण. बोलताना समोरचा सांभाळून घेतो, लेखी हिंदीत हे सगळं उघडं पडतं. म्हणून हिंदीपुढे तुम्ही ‘कर्जदारांशी फोनवर बोलते’ हे नक्की लिहा, ते तुमचं रोजचं काम आहे. हिंदी लेखनाचा उल्लेख मात्र तुम्ही हिंदीत कधी एखादं पत्र लिहून पाठवलं असेल तरच करा.

आणि मराठी. तुम्ही विचारता, लिहायचं कशाला, सगळ्यांनाच येतं. मला यातच तुमचं सर्वांत मोठं नुकसान दिसतं. बोलायला येतं, हे बरोबर. पण मुलाखतीला आलेल्यांना मी एक साधं काम द्यायचे: एका कर्जदाराला थकबाकीची नोटीस लिहा, रक्कम अंकी आणि अक्षरी. ‘मराठी – मातृभाषा’ लिहिणारी कितीतरी मुलं अक्षरी रकमेशी थबकायची. 69 म्हणजे एकोणसत्तर की एकोणसाठ, इथेच पेन थांबायचं. काहींचं वाक्य ‘सदर’ने सुरू व्हायचं आणि कर्ता हरवूनच संपायचं. त्यांना मराठी येत नव्हतं असं नाही, पण मराठीत काम केलेलं नव्हतं. तुम्ही अडीच वर्षं केलं आहे. पुण्यातल्या ज्या कंपनीचे कर्जदार गावोगाव पसरलेले आहेत, तिला कर्जदाराला कळेल आणि कायद्याच्या भाषेतही बसेल अशी मराठी लिहिणारी व्यक्ती हवी असते. ती सहज मिळत नाही. तुम्ही मात्र तीच ओळ गाळायला निघालात!

म्हणजे ‘मराठी – मातृभाषा’ एवढं लिहून भागत नाही. मातृभाषा हा जन्माचा तपशील आहे, त्यावरून लेखनाचं काही कळत नाही. त्यापुढे काम लिहा. संगणकावर मराठी टाइप करत असाल तर तेही, आणि कसं करता तेही: युनिकोडमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, की इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्या पद्धतीने, की एखाद्या जुन्या फॉन्टवर. जुन्या फॉन्टवर हात बसलेल्या माणसाला नव्या कार्यालयात पहिल्या दिवशी एक ओळही टाइप करता येत नाही, असं मी पाहिलंय. शासकीय टंकलेखन परीक्षा दिली असेल तर मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट, जे असेल ते, उत्तीर्ण झाल्याच्या वर्षासह प्रमाणपत्रांच्या भागात टाका. भाषेच्या ओळीत ते नको.

तुमच्या पत्रावरून, आणि वरच्या चाचण्या तुम्ही पार केल्यात असं धरून, मी तुमच्या तीन ओळी अशा लिहीन:

मराठी: मातृभाषा. नोटिसा व औपचारिक पत्रं स्वतंत्रपणे लिहिते.
हिंदी: ग्राहकांशी फोनवर बोलते, वाचते.
इंग्रजी: परिपत्रकं वाचते, नेहमीचे कार्यालयीन ईमेल लिहिते, कामाच्या विषयावर साधं संभाषण.

रेझ्युमे इंग्रजीत असेल तर हेच साध्या इंग्रजीत लिहा, क्रियापदं सोडू नका. शेवटच्या अर्ध्या वाक्याबद्दल मी थोडी घुटमळले. साधारण नियम असा की जे येतं ते लिहावं, जे येत नाही त्याची कबुली रेझ्युमेत देत बसू नये. मग इंग्रजी बोलण्याबद्दल गप्प का राहू नये? कारण तुम्ही अर्ज करताय तो ग्राहक सेवेसाठी. बोलणं हेच जिथे काम आहे, तिथे बोलण्याबद्दल मौन बाळगलं तर वाचणारा ते आपल्या सोयीने भरून घेतो. हिशेब विभागातल्या जागेसाठी अर्ज असता तर ते अर्धं वाक्य मी काढून टाकलं असतं.

जागेबद्दल. जन्मतारखेखालून भाषा आधी बाहेर काढा. तो लग्नाच्या बायोडेटाचा साचा आहे, नोकरीच्या कागदात वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती यांचं कामच नाही आणि त्यांच्या शेजारी बसलेली भाषा कुणी वाचत नाही. सर्वसाधारणपणे भाषा शेवटी येतात, संगणक कौशल्यांच्या आसपास, दोन-तीन ओळींत. ज्या नोकरीत भाषा हे हत्यार नाही, तिथे तेवढं पुरे.

तुमच्या बाबतीत भाषा हेच हत्यार आहे, म्हणून ती तीन ठिकाणी दिसली पाहिजे. सगळ्यात वर जो दोन-तीन ओळींचा परिचय असतो त्यात: ‘कर्जवसुली विभागात अडीच वर्षांचा अनुभव, मराठी व हिंदीत ग्राहकांशी रोजचा संपर्क.’ मग अनुभवाच्या भागात, आणि खरं वजन इथेच पडतं. आत्ता तुमच्याकडे तिथे ‘वसुलीची कामे केली’ असं काहीतरी असणार. त्याऐवजी लिहा: ‘थकीत कर्जदारांसाठी मराठी नोटिसांचे मसुदे तयार केले, महिन्याला सुमारे इतके,’ आणि तिथे तुमच्या जावक नोंदवहीत बघून आकडा टाका. अंदाजाने फुगवू नका, मुलाखतीत पुढचा प्रश्न त्या आकड्यावरच येतो. तसंच ‘मराठी व हिंदीत दिवसाला इतके फोन’. ‘मराठी लिहिते’ हा दावा आहे. नोटिसांचा आकडा समोर आला की तो वाचणाऱ्याला पटतो. शेवटी त्या तीन ओळी. तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच निघाली पाहिजे. वर ‘तीन भाषांवर प्रभुत्व’ आणि खाली ‘साधं संभाषण’ असं झालं तर खालचं खरं असूनही सगळ्यावरच शंका येते.

भाषेपुढे तारे किंवा रंगवलेल्या पट्ट्या काढू नका. पाचपैकी चार तारे म्हणजे नेमकं काय येतं, हे तो रेझ्युमे करणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय बऱ्याच कंपन्यांत फाइल आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्याला अक्षरं कळतात, चित्रातल्या पट्ट्या नाही.

नोकरीच्या पोर्टलवर मात्र वाक्य लिहायची सोय नसते, दिलेल्यातला एक पर्याय निवडावा लागतो. लिंक्डइनवर अशा पाच पायऱ्या आहेत. मधली ‘प्रोफेशनल वर्किंग’ म्हणजे कामापुरती भाषा, आणि लोक बिनधास्त तिच्या वरची निवडतात. दोन पायऱ्यांत अडकलात तर खालची घ्या, पण मराठीला सगळ्यात वरची देताना संकोच नको. प्रत्येक भाषेची नोंद वेगळी करा, कारण काही ठिकाणी भरती करणारे भाषेनुसार चाळणी लावतात. ‘मराठी’ नोंदवलंच नाही तर मराठी लिहिणाऱ्यांच्या शोधात तुम्ही सापडणारच नाही.

अशीच पत्रं पाठवणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. घरी अहिराणी, मालवणी किंवा बंजारा बोली बोलत असाल आणि नोकरी त्या भागात फिरतीची असेल, तर ती वेगळी लिहा, ‘बोलते’ किंवा ‘बोलतो’ एवढंच पुढे लावून. ती लपवण्याची गोष्ट आहे असं समजणारे पुष्कळ भेटतात. आणि बँकेच्या लिपिक भरतीचा अर्ज भरणाऱ्यांनी दहावी-बारावीची गुणपत्रिका जपून ठेवा. स्टेट बँकेच्या ज्युनिअर असोसिएट भरतीत, ज्या राज्यासाठी अर्ज आहे तिथली भाषा दहावीत किंवा बारावीत विषय म्हणून असल्याचं गुणपत्रिकेवर दिसलं, तर वेगळी भाषा चाचणी द्यावी लागत नाही. मराठी माध्यमात शिकलात म्हणून इतरत्र जे कानकोंडं वाटतं, ते तिथे कागदोपत्री उपयोगी पडतं.

पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न पुन्हा इंग्रजीत आला तर? पहिली दोन-तीन वाक्यं तयार ठेवा, इंग्रजीतच बोला. अडलात की गप्प न राहता सांगा: “ईमेल मी इंग्रजीत लिहिते, ग्राहकांशी बोलणं मराठीत आणि हिंदीत असतं. हे उत्तर मराठीत दिलं तर चालेल का?” कागदावर तेच लिहिलेलं असेल तर हा प्रश्न पळवाट वाटत नाही. ‘नाही’ म्हणाले तर समजा की ती जागा इंग्रजी फोनची आहे. आत्ता ती तुमची नाही, आणि हे रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कळण्यापेक्षा तिथेच कळलेलं बरं. अर्ज करतानाही जाहिरातीत ‘इंग्रजी संभाषण’ आहे की ‘प्रादेशिक भाषा’ आहे, ते बघून घ्या. ग्राहक सेवा या एकाच नावाखाली दोन्ही प्रकारच्या जागा येतात.

आणि हो, ‘फ्लुएंट’वाली ती जुनी फाइल जिथे जिथे चढवली असेल, तिथे तिथे आज रात्रीच बदला. बरेच जण नवा रेझ्युमे हौसेने करतात आणि पोर्टलवर जुनाच राहतो. बोलावणं त्या जुन्यावरून येतं.